नवव्या मजल्यावरच्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, काय करू?

साइटवरची_पोरगी
नमस्कार मंडळी. मी एका गृहप्रकल्पावर ज्युनिअर साइट इंजिनिअर आहे, पुण्याच्या बाहेर, दोन टॉवर, चौदा-चौदा मजले. सध्या ए टॉवरचा नववा मजला चालू आहे. एकूण 149 लेबर, त्यात 31 बायका, बहुतेक जोडीने आलेल्या, नवरा गवंडी किंवा सेंट्रिंगवाला आणि बायको बिगारी.

प्रॉब्लेम असा की गेल्या आठवड्यात एक बाई घमेलं घेऊन जाताना चक्कर येऊन बसली. वर सावली नाही, ऊन जबरदस्त आहे. मुकादम म्हणाला पाणी कमी पडतंय, अजून एक पिंप ठेवा. मी नवव्या मजल्यावर 20 लिटरचा जार ठेवला, दुसऱ्या दिवशी अजून एक. त्या मजल्यावर 12 बायका काम करतात. संध्याकाळी 4 ला बघितलं तर दोन्ही जार मिळून अर्ध्याच्या वर पाणी शिल्लक! पुरुष गडी वरच्या सेंट्रिंगला आहेत, त्यांचा जार वेगळा, तो दुपारीच संपतो. म्हणजे पाणी आहे पण बायका पीत नाहीत. विचारलं तर म्हणतात तहानच लागत नाही ताई. तिघी-चौघींना उन्हाळी लागलीय, मी धने-जिऱ्याचं पाणी करून आणलं तर तेही एकेक घोटच प्यायल्या. पाण्याला वास आहे का? चव आवडत नाही का? कोणाला अनुभव असेल तर सांगा, मला खरंच काळजी वाटतेय.

नाशिककर_72
ताई आमच्या बंगल्याचं काम चालू होतं तेव्हा शेजारच्यांचे लेबर आमच्या कंपाउंडच्या नळावर यायचे, पाणी प्यायचे, तिथंच भांडी घासायचे. आम्ही कधी नाही म्हटलं नाही. पण म्युनिसिपालटीचं पाणी दिवसाआड, आमचीच टाकी रिकामी व्हायची. तुम्ही बिल्डरला सांगा आधी नळ कनेक्शन घ्यायला, बाकी सगळं त्याच्यावर येतं.

साइटवरची_पोरगी
काका पाणी आहे हो, टँकर येतो, जारही येतात. पीत नाहीत हा प्रश्न आहे.

जुना_सेफ्टीवाला
रिटायर व्हायच्या आधी 26 वर्षं साइटवर सेफ्टी बघितली आहे म्हणून सांगतो. ताई, तुमच्या साइटवर बायकांचं संडास कुठं आहे?

साइटवरची_पोरगी
खाली, गेटजवळ, स्टोअरच्या मागे. पत्र्याच्या दोन केबिन आहेत बायकांसाठी आणि चार पुरुषांसाठी. स्वच्छ असतात तशा, मी रोज बघते.

जुना_सेफ्टीवाला
मग पाण्याला काही झालेलं नाही, जिन्याला झालंय. नऊ मजले उतरायचे, प्रत्येक मजल्याला वीसएक पायऱ्या धरल्या तर 180 पायऱ्या खाली आणि परत 180 वर, त्यात जिन्याला अजून कठडे नसतील, साडी सांभाळत उतरायचं, मटेरियल हॉइस्टमधून माणसांनी जायचं नाही हे बरोबरच आहे. उद्या एकदा घड्याळ लावून बघा, एखाद्या बाईबरोबर स्वतः जाऊन या. किती वेळ लागतो ते इथे लिहा. आणि किती वेळा जातात तेही विचारा, पण मुकादम समोर असताना नको, जेवणाच्या वेळी त्यांच्यात बसून विचारा.

हिशोब करा. इतक्या उन्हात जड काम करणाऱ्या माणसाला दर वीस मिनिटांनी साधारण एक पेला, पाव लिटर, पाणी लागतं. आठ तासांचे सहा लिटर. 12 बायकांचे 72 लिटर. तुमच्या दोन जारमधनं 20 लिटरसुद्धा गेलं नाही. तहान लागत नाही असं त्या म्हणतात ना, तहान लागते, त्या ती मारतात. सकाळी डबा करताना जे प्यायलं ते, मग थेट संध्याकाळी कॅम्पावर. उन्हाळी लागण्याचं कारणही तेच, पाणी कमी आणि लघवी धरून ठेवलेली. तिघी-चौघी एकाच मजल्यावरच्या असतील तर आधी संडास किती लांब आहे ते बघायचं हे मी पहिल्या पाच वर्षांत शिकलो. जिला जळजळ होतेय तिला दवाखान्यातही न्या, धने-जिऱ्यावर थांबू नका, ताप किंवा कमरेत दुखणं असेल तर अजिबात नाही.

हक्काचा_सेस
मी छोटा डेव्हलपर आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही बांधकाम खर्चाच्या 1 टक्का सेस भरतो, तो कामगार कल्याण मंडळाकडेच जातो. मग पाणी, संडास, पाळणाघर हे मंडळाने करायला हवं ना? एकाच गोष्टीचे दोनदा पैसे का द्यायचे? आणि पाळणाघर तर 50 च्या वर बायका असतील तरच लागतं, यांच्याकडे 31 आहेत.

जुना_सेफ्टीवाला
सेसचं तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत, पैसा मंडळाकडे जातो आणि त्यातून नोंदणी झालेल्या कामगाराला योजना मिळतात, मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला वगैरे. पण साइटवरचं पिण्याचं पाणी आणि संडास ही कायम काम देणाऱ्याचीच जबाबदारी होती, 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात ती वेगळ्या कलमांत लिहिली होती आणि सेसचा कायदाच वेगळा होता. सेस भरला म्हणून संडास माफ असं कुठेही नव्हतं.

पाळणाघराचंही जुन्या कायद्यात तुम्ही म्हणता तसंच होतं, 50 पेक्षा जास्त बायका. त्यातली पळवाट सगळ्यांना माहीत आहे, एका साइटवर सहा ठेकेदार, प्रत्येकाच्या हजेरीपुस्तकात आठ-दहा बायका, म्हणजे कोणाकडेच पन्नास नाहीत. खरं तर कायद्यात 'जागा' म्हटलं होतं, त्या जागी सगळ्या ठेकेदारांच्या मिळून किती बायका आहेत ते मोजायला हवं होतं. ते कोणी मोजलं नाही. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या सुरक्षेच्या संहितेत जुना बांधकाम कायदा गेला आणि पाळणाघरासाठी 50 पेक्षा जास्त कामगार असा आकडा आहे, त्यात बाई-पुरुष भेद नाही. या ताईंच्या साइटवर 149 आहेत.

हक्काचा_सेस
हे मला माहीत नव्हतं. पण मग नाक्यावरचा ठेकेदार आणि मी, यात पैसे नक्की कोणी द्यायचे? मी ठेकेदाराला रेट देताना 'सगळ्या सोयींसह' लिहून घेतो. तो करत नाही तो भाग वेगळा.

जुना_सेफ्टीवाला
लिहून घेतल्याने पोलीस ठेकेदाराकडे जातील असं समजू नका. आणि व्यवहारात बघा, सेंट्रिंगचा ठेकेदार तीन महिन्यांत निघून जातो, मग प्लास्टरवाला येतो, मग टाइल्सवाला. संडास मात्र पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या रंगापर्यंत लागतं. म्हणून ते मुख्य कंत्राटदाराने बांधायचं आणि साफसफाईला एक माणूस कायमचा ठेवायचा. ठेकेदारांकडून वाटा कापायचा की नाही हा तुमच्यातला प्रश्न, त्यावर माझं एक मत नाही, दोन्ही पद्धती चालताना पाहिल्यात आणि दोन्ही बंद पडतानाही.

साइटवरची_पोरगी
सर, आज घड्याळ लावलं. मी आणि एक मावशी, नवव्यावरून खाली, रांगेत दोघी पुढे होत्या, परत वर. 19 मिनिटं. मी 26 वर्षांची आहे आणि सातव्या मजल्यावर मला थांबावं लागलं. मावशी म्हणाल्या, दिवसातून एकदा जातो, जेवणाच्या सुट्टीत, बाकी वेळी नाही. मुकादम काही बोलत नाही पण जोडीचा रोज आहे, बायको अर्धा तास गायब झाली की नवऱ्याचा माल अडतो आणि तोच ओरडतो. मी रोज केबिन तपासत होते आणि मला हे कळलं नाही याचं फार वाईट वाटलं.

दुसरं, 25 माणसांमागे एक संडास असं कुठेतरी वाचलंय, ते बरोबर का? मग पुरुषांसाठीच्या आमच्या चार केबिन कमी पडतात.

जुना_सेफ्टीवाला
कंत्राटी कामगारांच्या नियमांत तो आकडा होता, तोच बहुतेकजण धरतात. बायकांना 25 मागे एक, पुरुषांना पहिल्या शंभरापर्यंत 25 मागे एक आणि पुढे 50 मागे एक. तुमचे 118 पुरुष म्हणजे पाच, बायका 31 म्हणजे दोन. एक कमी आहे, तो वाढवा. पण हा आकडा उंचीबद्दल काहीच बोलत नाही. गेटजवळ सात बांधले तरी नवव्यावरच्या बाईचे 19 मिनिटं 17 होतील, बस.

आमच्या एका बारा मजली कामावर आम्ही पाचव्या मजल्यावर संडास केलं होतं, ते सविस्तर सांगतो. ज्या फ्लॅटचं टॉयलेट डक्टला लागून होतं तिथेच पत्र्याच्या दोन केबिन उभ्या केल्या, एक बायकांची, एक पुरुषांची, मधे पूर्ण भिंतीएवढा पत्रा आणि दरवाजे वेगवेगळ्या बाजूंना. डक्टमधून चार इंची पीव्हीसी पाइप खाली सोडला, प्रत्येक मजल्यावर क्लॅम्प, तळाला मोठा बेंड आणि चेंबर, तिथून सेप्टिक टाकी. पाइपचं वरचं टोक पुढे वाढवून हवेसाठी उघडं ठेवलं, नाहीतर केबिनमध्ये इतका वास येतो की कोणी जात नाही. फ्लशला पाणी कुठून, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. अहो, क्युरिंगचं पाणी वर जातंच! त्याच लाइनला टी मारून 200 लिटरचं ड्रम भरायचं आणि डबा ठेवायचा.

पहिल्याच आठवड्यात लाइन चोक झाली. गवंड्यांनी घमेली, थापी तिथंच धुतली, सिमेंटची स्लरी पाइपात जाऊन बेंडमध्ये दगड झाली. सगळा बेंड कापून नवा लावावा लागला. मग आम्ही हत्यारं धुवायला शेजारी वेगळं ड्रम ठेवलं आणि केबिनच्या उंबऱ्याला दोन विटांचा बांध घातला. पुन्हा चोक झालं नाही. नववा मजला आला तेव्हा केबिन उचलून आठव्यावर नेल्या. नियम साधा ठेवायचा, काम चालू असलेल्या मजल्यापासून वर-खाली तीन मजल्यांच्या आत संडास हवं.

सोलापूरचा_मुकादम
साहेब बरोबर बोलले. मी मुकादम आहे, 40 माणसं असतात माझ्याकडे. आधी मलाही वाटायचं बायका मुद्दाम टाइमपास करतात. मग माझ्याच बायकोला मुतखडा झाला, डॉक्टरनी विचारलं दिवसभर पाणी का पीत नाही, ती माझ्यासमोर गप्प. तेव्हा समजलं.

एक गोष्ट साहेबांनी सांगितली नाही, वर पाण्याची टाकी ठेवताना बघून ठेवा. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, खाली टेकू असलेल्या ताज्या स्लॅबवर ठेवलीत तर अवघड होईल. ऑक्टोबर 2024 ला भोसरीला लेबर कॅम्पातली पाण्याची टाकी कोसळून 5 माणसं गेली, ते अजून डोळ्यासमोर आहे. माणूस टाकीखालीच अंघोळ करतो, कपडे धुतो. कॅम्पावरची टाकी पण कोणीतरी इंजिनिअरने बघायला पाहिजे, आम्हाला त्यातलं समजत नाही, आम्ही विटा रचून मोकळे होतो.

जुना_सेफ्टीवाला
मुकादम, अगदी बरोबर आणि माझ्याकडून राहिलं. ताई, वर 200 लिटरच्या ड्रमवरच थांबा आणि तेही टेकू काढलेल्या, जुन्या झालेल्या मजल्यावर, भिंतीच्या किंवा बीमच्या जवळ. जेवणाची जागाही तशाच मजल्यावर करा. माणसं सावली म्हणून टेकूच्या जंगलात जेवतात आणि झोपतात, तिथे एक टेकू सरकला तर कोणाला उठायलाही वेळ मिळत नाही. सेंट्रिंग निघालेला सहावा-सातवा मजला रिकामा असेल, तिथं एक हॉल झाडून घ्या, उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी, चटया आणि जार. निवारा म्हणून वेगळं काही बांधायची गरज नाही.

शारजाहून_विनोद
इकडे यूएईमध्ये 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावरचं काम बंदच असतं, सरकारी नियम आहे, मोडला तर दंड. आपल्याकडे असं का करत नाहीत? विदर्भात तर आमच्याकडच्यासारखंच तापतं.

सोलापूरचा_मुकादम
दादा, तुमच्याकडे पगार महिन्याचा असेल. आमची माणसं ठोक्यात काम करतात, जेवढा स्लॅब तेवढा पैसा. दुपारी बंद म्हटलं तर तेच म्हणतात आम्हाला सकाळी सहाला चालू करू द्या. आम्ही ते केलं दोन उन्हाळे, सहा ते अकरा आणि चार ते सात. पण काँक्रीटची गाडी ट्रॅफिकमुळे दुपारीच येते कधी कधी, मग सगळं फिसकटतं. आणि पोरांची शाळा, बायकांचा स्वयंपाक पहाटे चारला. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बालवाडीची_वर्षाताई
मी बांधकाम साइटवरच्या पाळणाघरात नऊ वर्षं काम केलंय म्हणून बोलते. मुंबईत मुंबई मोबाइल क्रेशेस 1972 पासून हे काम करतंय, पुण्यात साइटवरच्या मुलांसाठी डोअरस्टेप स्कूल आहे, ताई, त्यांना विचारून बघा.

मला तुमच्या संडासाच्या चर्चेतच पाळणाघर दिसतंय. ज्या बाईचं बाळ अंगावर पितं तिला दिवसातून तीन-चार वेळा खाली यावं लागतं आणि तेच 180 पायऱ्यांचं गणित. मग ती बाळ वर घेऊन जाते. साडीची झोळी टेकूला बांधते. किंवा आठ वर्षांच्या मोठ्या मुलीला शाळेतून काढून बाळापाशी बसवते. पाळणाघर सहा वर्षांखालच्यांसाठी असतं पण तिथं बाळ ठेवलं की सगळ्यात आधी सुटते ती ही मोठी मुलगी.

खोली कशी हवी तर तळमजल्यावर, तयार झालेल्या भागात, क्रेनचा हात आणि हॉइस्ट जिथून जातो त्याच्यापासून लांब, आणि दाराला खाली अर्धा लाकडी कठडा, रांगणारं मूल बाहेर जाऊ नये म्हणून. वेळ साइटच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधी उघडायची आणि अर्धा तास नंतर बंद. आमच्याकडे एका बिल्डरने 10 ते 5 पाळणाघर केलं, काम 8:30 ला सुरू व्हायचं, एकही मूल आलं नाही आणि त्याने म्हटलं यांना गरजच नाही. तुमच्याकडे सहाच्या आतली मुलं किती आहेत मोजलंत का?

साइटवरची_पोरगी
मोजली आज. 14. त्यातली पाच एक वर्षाच्या आतली. खरंच टेकूला झोळ्या आहेत, मी रोज बघते आणि मला त्याची सवय झाली होती.

नाशिककर_72
ताई आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने जुनी खेळणी गोळा केली होती, पाठवू का? मघाशी मी तुमचा प्रश्न नीट वाचला नव्हता, माफ करा.

बालवाडीची_वर्षाताई
काका खेळणी चालतील, पण आधी एक बाई पगारावर हवी. कॅम्पातलीच एखादी, जिला काम झेपत नाही अशी, आणि तिला शिकवायला कोणीतरी. खेळणी त्यानंतर.

साइटवरची_पोरगी
अपडेट देते, बारा दिवस झाले. बॉसला 19 मिनिटांचा हिशोब दाखवला. बारा बायका, दिवसातून दोनदा, म्हणजे साडेसात तास, जवळपास एका माणसाचा पूर्ण रोज फक्त जिन्यात. ते लगेच पटलं, उन्हाळीचं सांगितलं तेव्हा तेवढं पटलं नव्हतं. सातव्या मजल्यावर दोन केबिन झाल्या, सरांनी सांगितलं तसं, बांधही घातला. पिण्याचा जार केबिनपासून लांब जिन्यापाशी ठेवलाय, 6 मीटर मोजून.

पाण्याचंही बघितलं. जार कमी पडले तर माणसं टँकरच्या टाकीतलं पितात, त्या टाकीत हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला लावलं आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट केली, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं ती. टाकीत पिवळं आलं, वर नळाला आणलेलं पाणी मात्र पांढरंच, म्हणजे पाइप उन्हात तापून क्लोरीन उडून जातंय. ते अजून सुटलेलं नाही, तोवर वर फक्त जार.

काल 4 वाजता नवव्यावरचे तीन जार बघितले. दोन रिकामे, तिसरा पाऊण संपलेला. अजून 72 लिटर नाही पण 55 तरी गेलं.

पाळणाघराला खोली मिळालीय, बाई मिळालेली नाही. बॉस म्हणतात ठेकेदारांनी मिळून पगार द्यावा, ठेकेदार म्हणतात कंपनीने. झोळ्या अजून टेकूलाच आहेत.

आणि एक नवीन गोष्ट. सातव्या मजल्यावरच्या बायकांच्या केबिनला सुपरवायझरने कुलूप लावलंय, पुरुष वापरून घाण करतात म्हणून. किल्ली त्याच्याकडे. बायका त्याच्याकडे किल्ली मागायला जात नाहीत.

सोलापूरचा_मुकादम
कुलूप आजच काढा. माझ्याकडे आतून कडी आहे आणि बाहेरून काहीच नाही. पुरुष जातात तर पुरुषांची एक केबिन वाढवा, त्यांना पण सातव्यावर एकच आहे ना.

साइटवरची_पोरगी
हो, पुरुषांना एकच आहे आणि वर 40 जण आहेत. उद्या सकाळी पहिलं हेच बघते. कडी आतून आहे का तेही बघते, मी आतून कधी लावून बघितलीच नाही.